चार्जिंग पॉइंटच्या हिशोबातला खाडा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.कॉम. सेकंड क्लास. हे मी कुठेही, कुणालाही, न विचारता सांगतो, कारण त्या सेकंड क्लासमागे वडिलांची गिरणीतली तिसरी पाळी आहे आणि दादाची दहावीनंतर सुटलेली शाळा आहे. आज मी एका पतपेढीत कर्जाच्या टेबलावर बसतो. लोकांचे धंद्याचे प्लॅन वाचणं हेच माझं काम. पोळीभाजी केंद्र, झेरॉक्स, ब्युटी पार्लर, अलीकडे क्लाउड किचन. वाचून वाचून एक कळलंय. प्लॅनमध्ये माणूस आपली आशा लिहितो आणि तिच्यासमोर आकडे मांडतो. त्यामुळे एखादा प्लॅन वाचून मी उठून उभा राहिलो असं सहसा होत नाही. एकदाच झालं. तो प्लॅन माझ्या वहिनीचा होता.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेली. माहेर वरळीचं, बीडीडी चाळीतलं. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं ती एका कंत्राटदाराकडे पॅनेल बसवायच्या कामावर होती. हेल्मेट घालून साइटवर उभी राहायची. मुली झाल्या, आमच्या आईचं आजारपण आलं, काम सुटलं ते सुटलंच. तिला त्याबद्दल कुरकुर करताना मी कधी ऐकलं नाही. पण बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरी फ्यूज उडाला की तिचा चेहरा उजळायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दादा म्हणायचा, "हिला लोकांच्या घरचा अंधार आवडतो."

दादा टॅक्सी चालवतो. जुनी काळीपिवळी वयोमर्यादेत बाद झाल्यावर त्याने कर्ज काढून इलेक्ट्रिक गाडी घेतली. आमच्या गावच्या दहा-बारा जणांनी त्याचं बघून घेतली. गाडी चांगली, पण चार्जिंगला जायचं वडाळ्याला. तिथे रांग. एक गाडी लागली की पाऊण-एक तास. दादाचं रोज दुपारचं जेवण त्या रांगेत स्टीअरिंगवर डबा ठेवून व्हायचं. एक दिवस वहिनी त्याच्याबरोबर गेली, तीन तास तिथे बसली, आणि घरी येऊन म्हणाली, "भावजी, मंडळाचा गाळा रिकामा आहे ना?"

मंडळ म्हणजे आमच्या गावचं ग्रामस्थ मंडळ. कोकणातल्या प्रत्येक गावाचं मुंबईत असतं तसं. परळला, दादरच्या अंगाला असलेल्या एका गल्लीत मंडळाची खोली आहे. गिरण्यांच्या काळात गावाहून येणारा एकटा पुरुष आधी त्या खोलीत उतरायचा. पथारी टाकायला जागा, खानावळीत डबा, आणि महिन्याला वर्गणी. वडील तिथेच सात वर्षं राहिले. त्या खोलीच्या खाली मंडळाचा गाळा आहे आणि गाळ्यापुढे तीन-चार गाड्या उभ्या राहतील एवढं मोकळं अंगण. पूर्वी तिथे कोळशाची वखार होती. भाडेकरू सोडून गेला आणि गाळा बंद पडला. त्याला गिऱ्हाईक होतं, मोबाइलची कव्हरं घाऊक विकणारा एक व्यापारी. मंडळाचा खजिनदार त्याच्या बाजूने होता.

वहिनीला त्या जागी चार्जिंग पॉइंट काढायचा होता आणि तो स्वतः चालवायचा होता. हे तिने सांगितलं तेव्हा मी नुसतं "बघू" म्हटलं. पतपेढीत मी रोज म्हणतो तसं. ती म्हणाली, "बघू नका, वाचा. आठवड्याने देते."

आठवड्याने तिने दिलं. मी ते जेवायला बसण्याआधी हातात घेतलं आणि भात गार झाला.

आधी मशीन विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने तिला एक तयार प्लॅन दिला होता. रंगीत, गुळगुळीत कागदावर. त्यात दिवसाचा एक तृतीयांश वेळ मशीन भरलेलं धरलं होतं आणि दीड वर्षात पैसे वसूल. त्याच्या कडेला वहिनीने पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: "कोण भरणार?" मग तिने स्वतःचा मांडला. त्या माणसाने साठ किलोवॉटचं मोठं मशीन सुचवलं होतं, तिने तीस किलोवॉटचं घेतलं. कारण वीज कंपनीचा स्थिर आकार मंजूर भारावर लागतो. गाडी येवो न येवो, तो भरावाच लागतो. टॅक्सीला वीस युनिट लागतात, ती तीस किलोवॉटच्या मशीनवर पाऊण तासाच्या आसपास मिळतात. तेवढ्यात माणूस जेवतो. "जेवायला पाऊण तास लागणारच," ती म्हणाली, "मग मोठ्या मशीनचे पैसे कशाला?"

तीसचं एक मशीन, गाड्यांसाठी सात किलोवॉटचे दोन सावकाश पॉइंट, आणि स्कूटर-तीनचाकींसाठी सव्वातीन किलोवॉटचे चार सॉकेट. यंत्रांचे आठ लाख. केबल, पॅनेल, अर्थिंग अडीच लाख. नव्या जोडणीचं डिपॉझिट आणि आकार दीड लाख. शेड, फरशी, कॅमेरा, आग विझवायचे सिलिंडर दोन लाख. एकूण चौदा. गाळ्यातल्या जुन्या दुकानी मीटरवरूनच वीज घ्यावी असं कुणीही म्हटलं असतं. तिने आधीच लिहून ठेवलं होतं की त्या मीटरला हा भार झेपणार नाही, आणि दुकानी दर जास्त पडतो. वाहन चार्जिंगसाठी वेगळा मीटर आणि वेगळा दर मिळतो, तोच घ्यायचा.

विजेचा हिशोब तर मी दोनदा वाचला. तिने नुसता दर धरला नव्हता. दुपारची वीज स्वस्त, संध्याकाळची महाग, त्याची सरासरी काढून साडेआठ रुपये युनिट धरलं होतं. शिवाय केबलमध्ये आणि मशीनच्या तापण्यात थोडी वीज जाते. शंभर युनिट विकायला एकशे सहा विकत घ्यावी लागतात. म्हणजे विकलेलं युनिट नऊला पडलं. ॲपवाल्याचा आणि पेमेंटचा एक रुपया. विकायचं सतराला, वर जीएसटी. हातात राहिले सात.

आणि वापर? यंत्रं दिवसरात्र चालली तर जेवढी वीज देतील त्याच्या फक्त पंधरा टक्के. दिवसाला दोनशे दहा युनिट. त्यातली एकशे चाळीस आमच्या गावच्या टॅक्सींची, रोज सात जण आले तरी पुरे. उरलेली सत्तर गल्लीतल्या स्कूटरी आणि डिलिव्हरीवाल्यांची. तीनशे पासष्ट दिवसांचे, म्हणजे वर्षाला, पाच लाख सदतीस हजार रुपये. त्यातून स्थिर आकार, देखभाल, विमा, इंटरनेट आणि तिचा स्वतःचा पगार, जो तिने इतका कमी धरला होता की मी त्यावर बोट ठेवलं, असे महिन्याला एकवीस हजार गेले. उरले वर्षाला दोन लाख पंच्याऐंशी हजारांच्या आसपास. चौदा लाख परत यायला चार वर्षं अकरा महिने.

"पाचच्या आत बसवलंस," मी म्हटलं.

"बसवलं नाही. बसलं."

तो फरक मला कळला. कारण पाच वर्षं ही मंडळाची अट होती. गावच्या देवळाचा सभामंडप पाडून नवा बांधायचा आहे, त्यासाठीच हा फंड साठला आहे, आणि पाच वर्षांनी तो लागणार आहे. त्याआधी पैसा परत येणार नसेल तर मंडळ एक रुपया काढणार नव्हतं आणि गाळा मोबाइलच्या कव्हरांना जाणार होता.

सभा रविवारी सकाळी झाली. त्या खोलीत बायका हळदीकुंकवाला येतात, सभेला नाही. वहिनी आली, चप्पल दाराशी काढली आणि सरळ पुढे जाऊन सतरंजीवर बसली. अध्यक्षांना आम्ही आबा म्हणतो. वय झालंय, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते, आवाज अजून साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटावर मात करणारा. त्यांच्या शेजारी खजिनदार.

वहिनी बोलली ते सगळं सांगत नाही. तिने कागद वाटले नाहीत, तोंडी सांगितलं, आणि प्रत्येक आकडा कुठून आला ते सांगितलं. आबांना पहिली शंका ती, जी मला अपेक्षित होती.

"गाववाल्यांकडून पैसे घेणार काय गो?"

"घेणार, आबा."

"मंडळाची जागा, मंडळाचा पैसा, आनी आपल्याच झिलाकडून पैसे?"

"वडाळ्याला तो युनिटला बावीस देतो. इथे सतरा अधिक जीएसटी, वीस देईल. फुकट दिलं तर सभामंडपाचा पत्रा त्याच्या गाडीत जाईल."

मागून कुणीतरी हसलं. दादा खाली बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते, आणि ते लाजेने नव्हतं.

खजिनदाराने मग टोमणा मारला. म्हणाला, वखार गेली, आता करंटचा पंप. उद्या शॉक लागून कोणी मेला तर मंडळाच्या नावाने बोंब. वहिनीने त्याला अर्थिंग म्हणजे काय, गळती झाली की वीज आपोआप तोडणारं यंत्र कुठे बसतं, पाऊस आडवा आला तर सॉकेट कसे झाकलेले राहतात हे सांगितलं. शांतपणे, पॅनेल उघडून दाखवावं तसं. तो म्हणाला, "एवढं येतं तर घरात कशाला बसलीस इतकी वर्षं?" ती म्हणाली, "बसले नव्हते, भाऊ. काम करत होते. पगार नव्हता." आणि पुढच्या आकड्यावर गेली.

शेवटी हात वर झाले. जवळजवळ सगळे. आबा खूश झाले. ते उठताना म्हणाले, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्या एका वाक्यातून आलं, "मग ठरला. काम गणपतीनंतर सुरू करूया. आता काय, सगळे गावाक जातले. मुंबयत कोण आसता?"

वहिनी सतरंजी गुंडाळायला वाकली होती. ती तशीच थांबली.

"आबा, एक मिनिट. हात खाली करा."

"खाली झाले सुद्धा."

"नाही. मतं मागे घ्या. माझा आकडा चुकला."

आता यातली गंमत सांगायला हवी, कारण परक्या माणसाला ती कळणार नाही. गिरणीत कामावर न आलेल्या दिवसाला खाडा म्हणत. खाडा पडला की पगार कापला जायचा. वडील मरेपर्यंत कुठल्याही गैरहजेरीला खाडाच म्हणायचे. मुलगी क्लासला गेली नाही तर खाडा, दूधवाला आला नाही तर खाडा. पण गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात गावी गेलेला माणूस? तो खाडा नव्हे. ते जगायचं असतं. गिरणी सुरू असली तरी ते गावी जायचे आणि मुकादम काय ते बघून घ्यायचा. आमच्या कुणाच्याही डोक्यात ते दिवस "नसण्याचे" म्हणून मोजले जात नाहीत. त्या खोलीत पन्नास माणसं होती, मी धरून, आणि सगळ्यांनी तीनशे पासष्ट दिवस ऐकले होते. कुणालाही खटकलं नाही. मुंबईच्या चार्जिंग पॉइंटची एकशे चाळीस युनिटं घेणाऱ्या टॅक्सी वर्षातले पन्नास दिवस गावी, आपल्या दारात, फणसाखाली उभ्या असणार होत्या. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसाने हा प्लॅन केला असता तर ही चूक झाली नसती. आणि आमच्यात ती कुणाच्या लक्षातही आली नसती. सभा संपली होती. गाळा तिचा झाला होता. गप्प राहिली असती तर पहिल्या गणपतीत मशीन रिकामं पडलं असतं आणि आम्ही सगळे म्हणालो असतो, गणपतीच आहेत, चालायचंच.

तिने उभ्या उभ्या, बोटांवर हिशोब केला. पन्नास दिवस, एकशे चाळीस युनिट, सात रुपये. एकोणपन्नास हजार वर्षाला कमी. चार वर्षं अकरा महिन्यांचे जवळजवळ सहा वर्षं झाले.

"म्हणजे अटीत बसत नाही," खजिनदार म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता पण थोडा गोंधळही. स्वतःचं घर स्वतः पाडणारं माणूस त्याने पाहिलं नसावं.

"आत्ता नाही बसत," वहिनी म्हणाली. "पुढच्या रविवारपर्यंत थांबा."

खजिनदार म्हणाला व्यापारी थांबणार नाही. आबांनी व्यापाऱ्याचा विषय हातानेच झटकला. मग म्हणाले, "थांबतलो. कव्हरां काय नासत नाय." आणि सभा उठली.

जिना उतरताना मी तिला म्हटलं, वहिनी, सहा वर्षं वाईट नाहीत, आबांना सांगून अट सैल करून घेऊ. मी हे चांगल्या भावनेने म्हटलं होतं. पतपेढीत आम्ही अटी सैल करतो. ती म्हणाली, "अट सभामंडपाची आहे. पत्रा गळतोय तिथे. सैल करून काय, पाऊस थांबणार आहे?" आणि मग, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर: "मला एवढंच सांगा, आपण गावी जातो तेव्हा मुंबईत कुणाला जास्त काम असतं?"

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, पोलिसांना.

दोन दिवस ती हाच प्रश्न भेटेल त्याला विचारत होती. उत्तर सापडलं ते नेहमीच्या कामात. घरात सत्यनारायण होता, झेंडू आणायला ती पहाटे दादरच्या फुलबाजारात गेली आणि येताना फुलांच्या पुड्याऐवजी तोंडभर हसू घेऊन आली. पुडा ती तिथेच विसरली होती. मला म्हणाली, उद्या रजा टाका, चला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. पुलाखाली चिखल, देठं, ओल्या गोणपाटाचा वास. गोण्या उतरवायला उभ्या असलेल्या तीनचाकी मालगाड्यांमध्ये आता बऱ्याच इलेक्ट्रिक असतात, आवाजच नसतो. मागून येऊन ढुशी देतात तेव्हा कळतं. त्यातल्या तीन गाड्यांची मालकीण साताऱ्याकडची एक ठेंगणी बाई होती. नाकात चमकी, कमरेला पैशाचा कसा. वहिनीने तिला गाड्या कुठे चार्ज करता विचारलं.

"घरनं वायर टाकतो खिडकीतनं. सोसायटीवाला रोज भांडतोय. काल वायरच कापली मेल्यानं."

"दुपारी गाड्या काय करतात?"

"झोपत्यात. आमचं अकराला आटपतंय."

"माझ्याकडे दुपारी लावाल? परळला, इथून दहा मिनिटं. अडीच तासात काम होईल."

बाईने दर विचारला, ऐकला, आणि फुलांचा सौदा करावा तसा पाडून मागितला. वहिनीने पाडला नाही. म्हणाली दुपारची वीज मला थोडी स्वस्त पडते, पण तो फायदा मी आत्ताच वाटून टाकला तर मशीन बिघडल्यावर दुरुस्ती कशातून करू? एक वर्ष चालू दे, मग बघू. बाईला ते पटलं की नाही माहीत नाही, पण तिने मान डोलावली. मग वहिनीने तिचा खरा प्रश्न विचारला.

"गणपतीत तुमच्या गाड्या बंद असतात का हो, मावशी?"

ती बाई आधी कळलंच नाही अशी बघत राहिली. मग शेजारच्या गाळ्यावरच्या माणसाला ओरडून म्हणाली, "ऐकलं का? गणपतीत बंद असता का म्हणती!" तो माणूस हार ओवता ओवता इतका हसला की सुई बोटात गेली. "अवो ताई," ती म्हणाली, "गणपतीत गाडीला दोन-दोन खेपा असत्यात. मे महिन्यात लग्नं. शिमग्यापासनं लगीनसराई सुरू. आमचा खाडा पितृपक्षात. तवा या, तवा बसून गप्पा मारू."

खाडा. हा शब्द तिच्या तोंडून आला. मी वहिनीकडे बघितलं. पितृपक्ष म्हणजे गणपती झाल्यावर लगेच. म्हणजे आमचे टॅक्सीवाले गावाहून परत आलेले. एकाची रिकामी जागा दुसऱ्याने भरावी तसं. गिरणीत बदली कामगार असायचा ना, खाडा पडला की त्याच्या जागी उभा राहणारा, तसे हे फुलवाले आमचे बदली.

दुपारपर्यंत आम्ही बाजारात फिरलो. दहा गाड्यांचे मालक हो म्हणाले. मला हर्ष झाला. घरी येऊन बघतो तर तिने पाचच धरल्या होत्या.

"दहा हो म्हणाले ना?"

"हो म्हणायला पैसे पडत नाहीत. पाच येतील." पाच गाड्या, सात-सात युनिट, वर्षातले तीनशे दिवस. साडेत्र्याहत्तर हजार. आमच्या पन्नास दिवसांचा खड्डा भरून वर चोवीस हजार. गणपतीतल्या दुहेरी खेपा तिने धरल्याच नव्हत्या. मुदत साडेचार वर्षांवर आली. मी रोज जे प्लॅन वाचतो त्यात माणसं पाचाचे दहा करतात. दहाचे पाच करणारा अर्ज माझ्या टेबलावर तेव्हाही आला नव्हता, अजूनही आलेला नाही.

पुढच्या रविवारी सभा छोटी झाली. वहिनीने दोन्ही हिशोब सांगितले, आधीचा चुकलेला आणि आताचा. खजिनदाराने विचारलं, आता काही चुकलं नाही कशावरून? ती म्हणाली, चुकलं असेलही, पण आता ते कमी धरण्यातलं असेल. आणि पहिला हात त्याने वर केला. मी त्याला याचं श्रेय देतो. माणूस व्यापाऱ्याच्या बाजूचा होता, पण हिशोबाच्या विरुद्ध नव्हता.

कामाला मुहूर्त करायचा तर देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालायला हवं. आबा गाळ्याच्या दारात नारळ घेऊन उभे राहिले. आम्ही सगळे हात जोडून मागे. आबांचा तो गिरणीतला आवाज गल्लीभर गेला.

"बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां ह्या मुंबयत पोटापाण्याक इलीत. आज हयसर करंटाचो पंप घालूचो ठरयलेलो आसा. तेका कोणाची दृष्ट लागली, कोणी आडो इलो, तर तेका सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमी गावाक गेलो की फुलवाल्यांच्यो गाड्यो हयसर धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वहिनी हात जोडून हसत होती. मी तिला हळूच म्हटलं, हे तुझ्या प्लॅनमध्ये नव्हतं. ती म्हणाली, "असू दे. हे जादा."

वीज कंपनीची तपासणी, मीटर, शेड, सगळ्याला धरले होते त्यापेक्षा जास्त दिवस लागले. पण पावसाळ्याच्या आधी अंगणात मशीनचा हिरवा दिवा लागला. पहिली गाडी दादाची लावली. त्याने पैसे भरले. वहिनीने त्याला पावती दिली आणि डबाही दिला.

त्या वर्षी गणपतीला वहिनी गावी आली नाही. लग्नानंतर पहिल्यांदा. फुलांच्या गाड्या रोज लागणार, कुणीतरी हवंच होतं, आणि पहिल्या वर्षी ती पॉइंट दुसऱ्या कुणावर सोडायला तयार नव्हती. दादा मुलींना घेऊन आला. त्याची गाडी, बाकीच्या गावकऱ्यांच्या गाड्या, सगळ्या फणसाखाली ओळीने. घरातली आरती झाल्यावर मी तिला फोन लावला. मागे कुणाशी तरी ती मोठ्याने बोलत होती, गाडी मागे घे, वायर ताणू नको. मग फोनवर आली. चारही सॉकेट भरले होते, दोन गाड्या रस्त्यावर थांबल्या होत्या, आणि साताऱ्याच्या मावशीने गणपतीला म्हणून झेंडूची अख्खी टोपली आणून दिली होती, ती मशीनला हार घालून उरली होती.

"पाच आल्या का?"

"नऊ," ती म्हणाली. "पण मी पाचच धरणार."

आबा ओटीवर बसले होते. त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे बघून मान उडवली. मी सांगितलं, वहिनी आहे, मुंबईत पॉइंट भरलाय. त्यांनी समाधानाने सुपारी कातरली. मग ओटीवर, अंगणात जमलेल्या सगळ्या गावावरून नजर फिरवली, जशी हजेरी घेतात तशी, आणि म्हणाले, "म्हणजे आपल्यात खाडा एकच. तुझी वहिनी."

मी ते तिला फोनवर सांगितलं. पलीकडे तिने आधी कुणाला तरी पुढची गाडी सॉकेटला लावायला सांगितलं.

"आबांना सांगा," ती म्हणाली, "हा खाडा हिशोबात धरलाय."